घरी राहिलेला चष्मा

पुण्याचे नेत्रतज्ज्ञ डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या शाळांमध्ये केलेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. शाळेतल्या तपासणीत नंबर निघालेल्या १०१८ विद्यार्थ्यांना चष्मे दिलेले होते. काही महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहिलं, तर त्यांतल्या ३०० जणांच्याच डोळ्यांवर चष्मा होता. उरलेल्या ७१८ जणांत हरवलेले आणि मोडलेले चष्मे होतेच, पण सुमारे दोन तृतीयांश मुलांचा चष्मा घरी होता. कपाटात असेल, फळीवर असेल, देवळीत असेल. नाकावर नव्हता एवढं खरं. हा आकडा ऐकला की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : पोरं बेफिकीर, आईबाप अडाणी, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नाही. मला हे निदानच चुकीचं वाटतं. दहातली सात मुलं एकच गोष्ट करत असतील तर तो सात जणांचा वेगवेगळा स्वभावदोष असण्यापेक्षा, दिलेल्या वस्तूत किंवा देण्याच्या पद्धतीत काही राहून गेलेलं असण्याचा संभव अधिक. लहान मुलाला 'चष्मा का घालत नाहीस' याचं उत्तर शब्दांत देता येत नाही. ते चष्मा काढून ठेवतं. तेच त्याचं उत्तर असतं, आणि ते वाचायचं काम मोठ्यांचं.

त्याच पाहणीत या उत्तराची एक किल्ली आहे. नंबर जितका मोठा आणि नजर जितकी कमी, तितकं मूल चष्मा घालण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे ज्याला चष्म्यानं लगेच फरक दिसतो, ते मूल तो स्वतःहून शोधतं. बेंगळुरूच्या परिसरातल्या शाळांत पुढं झालेल्या एका अभ्यासात चष्म्यानं नजर स्पष्टपणे सुधारते अशाच मुलांना चष्मे दिले आणि फ्रेम त्यांची त्यांना निवडू दिली. तीन-चार महिन्यांनी सुमारे तीन चतुर्थांश मुलं चष्मा घालताना आढळली. ही मुलं अकरा ते पंधरा वर्षांची, मुदतही कमी, त्यामुळे दोन आकड्यांची सरळ तुलना करू नये. पण दिशा तीच दिसते. उणे दोनचा नंबर असलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी फळ्यावरची अक्षरं आणि झाडाची सुटी सुटी पानं दिसतात. त्याच्या मागं फार लागावं लागत नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या प्रकारच्या मुलांचा. ज्यांना चष्म्याची गरज सर्वांत मोठी, पण चष्मा घातल्यावर काहीच नवं दिसत नाही, अशांचा.

असं एक मूल आपण समोर घेऊ. बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा यांमुळे लोक ते ओळखतात, आणि कार्तिकी पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. त्याच दिवसांत या भागातली घरं दुसऱ्याही कारणानं हलतात. ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो, कोयते पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात, आणि पहिली-दुसरीतली मुलं एक तर फडावर जातात नाही तर आजीपाशी राहतात. समजा, या भागातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत शिकणारी एक सहा वर्षांची मुलगी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावतं, आणि डावा डोळा झाकल्यावर ती वरच्या दोन ओळींच्या खाली जात नाही. पुढं मोठ्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब टाकून तपासतात तेव्हा उजव्या डोळ्याला अधिक चार आणि डाव्याला अधिक एक असा नंबर निघतो. घरात सगळे चकित होतात, कारण पोरगी तर सुई ओवते, धान्यातले खडे निवडते, लांबून येणारी एस.टी. ओळखते.

चकित होण्यासारखं त्यात काही नाही, कारण ही सगळी कामं डावा डोळा करतो. दोन्ही डोळे जवळचं-लांबचं पाहण्यासाठी ताण घेतात तो एकदमच आणि सारखाच, आणि तो डाव्याच्या गरजेपुरता घेतला जातो. उजव्याला त्याहून कितीतरी जास्त हवा असतो, म्हणून उजव्या डोळ्यातलं चित्र पहिल्यापासून अंधुकच राहतं आणि मेंदू त्याकडं लक्ष देणं सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. डोळा तिरळा नाही, लाल नाही, दुखत नाही, त्यामुळे बाहेरून काहीही कळत नाही. चष्म्यानं उजव्या डोळ्यापुढचं चित्र स्वच्छ होतं, पण ते पाहायला मेंदू शिकलेला नसल्यानं पहिल्या दिवशी तिला फरक शून्य वाटतो. उलट डाव्या डोळ्यानं थोडं अंधुकच दिसू लागतं, कारण सवयीनं ताण घेणारा स्नायू सैल व्हायला दिवस लागतात. मग ती म्हणते, 'ह्याच्यानं दिसत नाही.' ती खोटं बोलत नसते. तिला 'नाटकं करू नको' म्हणणाऱ्यानं तिचा अनुभव खोटा ठरवलेला असतो आणि पुढं ती सांगायचंच सोडून देते.

म्हणून पहिला महिना मुलाला वळण लावण्याचा नसून चष्मा तपासण्याचा आहे, असं मी म्हणेन. नंबर थेंब टाकून काढला होता का, हे आधी विचारावं. लहान मुलं यंत्रात पाहताना डोळ्यांवर इतका ताण घेतात की थेंबांशिवाय काढलेला नंबर साफ चुकू शकतो. अधिक नंबरचं मूल उणे नंबरचंही दिसू शकतं. नंबर बरोबर असेल आणि तरी दोन-तीन आठवड्यांनंतरही अंधुकच दिसत असेल, तर परत दाखवावं. डॉक्टर कधी कधी काही दिवस थेंब घालून तो स्नायू सैल करतात. नंबरात सिलिंडर असेल तर सुरुवातीला जमीन तिरकी वाटते, पायरी चुकते. ते बहुधा आठ-पंधरा दिवसांत जातं. पण हे आधीच सांगून ठेवलं नाही तर मूल घाबरतं, आणि आजी त्याहून जास्त घाबरते.

मग फ्रेम. मोठ्यांची फ्रेम छोटी करून विकली जाते तेव्हा ती लहान मुलाच्या चपट्या नाकावर टिकत नाही, घसरते, आणि मूल काचेच्या वरून बघू लागतं. चष्मा चेहऱ्यावर असूनही घातलेला नसतो. हे घरी ओळखता येतं. मुलाच्या समोर त्याच्याच उंचीला बसून पाहावं : बुबुळ साधारण काचेच्या मधोमध आहे का, पापण्या काचेला घासतात का, मान खाली केली की चष्मा खाली येतो का. चष्मा काढल्यावर नाकावर उमटलेला लालसर वण थोड्या वेळात जायला हवा. तो तसाच राहिला किंवा कानामागची कातडी सोलली, तर पोर चष्मा काढून फेकेल यात नवल काय? कानामागं गोल वळणाऱ्या काड्या किंवा मागून बांधायचा पट्टा, काचेऐवजी पॉलिकार्बोनेटची भिंगं, आणि चष्मेवाल्याकडं परत परत जायची तयारी, एवढ्यानं निम्मी भांडणं मिटतात. यात्रेत दहा-वीस रुपयांचा रंगीत गॉगल घेऊन दिला तर हेच मूल तो रात्री झोपतानाही काढत नाही. तेव्हा डोळ्यांवर काही असण्याला त्याचा विरोध नसतो. गॉगल त्यानं स्वतः निवडलेला असतो, तो टोचला तर काढायची मोकळीक असते, आणि त्यावरून कुणी त्याच्याकडं दयेनं पाहत नाही. यातली निवड आपल्याला चष्म्याच्या बाबतीतही देता येते. दोन-तीन योग्य मापाच्या फ्रेम पुढं ठेवाव्यात आणि रंग तिला ठरवू द्यावा. मात्र 'चष्मा घालशील का?' असं विचारू नये. ज्याला 'नाही' हे उत्तर चालणार नाही, तो प्रश्नच फसवा असतो. सकाळी तोंड धुतलं की चष्मा, एवढं साधं ठेवावं, आणि पहिले काही दिवस तो तिच्या आवडीच्या कामाला जोडावा : मोबाइलवरचं गाणं, चित्रं रंगवणं, आजोबांबरोबर फिरणं.

चिडवण्याबद्दल आपण दोन टोकांना जातो. एक म्हणतं, पोरं चिडवणारच, दुर्लक्ष कर. दुसरं लगेच शाळेत भांडायला जातं. ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येनं मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासात, आठ-साडेआठ वर्षांच्या ज्या मुलांना चष्मा होता किंवा डोळ्यावर पट्टी लावलेली होती, त्यांना छळलं जाण्याचा संभव इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं जास्त आढळला. म्हणजे मुलाची तक्रार कल्पनेतली नाही. पण तो संभव दुपटी-तिपटीचाही नाही. उलट अमेरिकेतल्या एका छोट्या पाहणीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना मुलांची चित्रं दाखवली, तेव्हा चष्मेवाली मुलं हुशार असतील असं बहुतेकांनी सांगितलं. मला वाटतं, चष्मा कुरूप असतो म्हणून तो चिडवण्याचा विषय होत नाही, तो एकटा असतो म्हणून होतो. शहरातल्या वर्गात बहुधा आणखीही काही चष्मे असतात. आपल्या मुलीच्या वर्गात एकच आहे, तिचा. 'ढापणी', 'बॅटरी', 'चार डोळे' ही नावं तिथं नवी असतात, आणि नव्या नावाची गंमत दोन-तीन आठवडे टिकते. या दिवसांत शिक्षकानं तिला उभं करून वर्गाला उपदेश केला तर ती आणखी एकटी पडते. त्यापेक्षा सगळ्या वर्गाला तक्ता वाचायला लावावा, प्रत्येकाचा एकेक डोळा झाकून. खेळ होतो, आणि न जाणो, आणखी एखादा कमजोर डोळा सापडतो. तिच्यासाठी एक छोटं, ठरलेलं वाक्य घरी म्हणवून घ्यावं : 'माझा उजवा डोळा शिकतोय.' चिडवणाऱ्याला पुढं ओढायला त्यात काही मिळत नाही. हे झालं शब्दांचं. कुणी चष्मा हिसकावला, लपवला, पायाखाली घातला, तर मात्र ते चिडवणं राहत नाही आणि ते मुलांनी आपापसात मिटवायचंही नसतं. त्याच दिवशी गुरुजींनी आणि दोन्ही घरांनी त्यात पडावं.

मात्र या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान वर्गमित्र करत नाहीत. 'एवढीशी पोर अन् चष्मा!', 'हिचं लग्न कसं जमायचं?' ही वाक्यं ओट्यावर बसलेल्या मोठ्यांची असतात, आणि तीही मुलीच्या समोर. वर्गातला 'ढापणी' शब्द सुट्टीनंतर विसरला जातो. काकूंचा उसासा विसरला जात नाही, कारण तो गंमत म्हणून टाकलेला नसतो. पाहुणे आले की चष्मा काढून ठेवायला सांगणारं घर मुलीला काय शिकवतं, हे उघड आहे. तिथं आजीनं एकदा तोंडावर सांगायला हवं की, हा चष्मा म्हणजे लपवायचा दोष नाही, औषध आहे, आणि वेळेत घेतलं तर डोळा कामाला लागतो.

मोडण्याचंही असंच. सहा वर्षांच्या मुलाचा चष्मा मोडणारच. प्रश्न एवढाच की ते आपल्याला किती दिवसांनी कळतं. मोडल्यावर मार बसतो असं एकदा ठरलं की चष्मा 'विसरायला' लागतो. दप्तरात तळाशी दोन तुकडे असतात आणि मूल महिनाभर सांगत राहतं की शाळेत राहिला, उद्या आणते. त्या महिन्याची किंमत फ्रेमच्या किमतीहून जास्त असते. म्हणून नियम एकच असावा : मोडला की त्याच दिवशी सांगायचं, रागावणार नाही. आणि खरंच रागावू नये. पुष्कळ फ्रेम पडून मोडत नाहीत, हळूहळू वाकत जाऊन मोडतात. एका हातानं ओढून काढायच्या सवयीनं एक काडी फाकते, बिजागरीचा स्क्रू सैल होतो, चष्मा तिरका बसतो, आणि मग एक दिवस काडी हातात येते. आठवड्यातून एकदा चष्मा सपाट टेबलावर उलटा ठेवून पाहावा. दोन्ही काड्या टेकल्या नाहीत, एक अधांतरी राहिली, तर तो वाकलाय. चष्मेवाला दोन मिनिटांत सरळ करतो. स्क्रू पडला तर दुकानात जाईपर्यंत बिजागरीत दोरा ओवून गाठ मारली तरी चालतं. फेविक्विक मात्र लावू नये. त्याच्या वाफेनं भिंगावर पांढुरका थर येतो आणि दुरुस्त होण्यासारखी फ्रेम भिंगासकट जाते. धूळ बसलेलं भिंग सदऱ्यानं कोरडं पुसलं तर ओरखडे पडतात. आधी पाणी, मग मऊ सुती कापड. आणि चष्मा पूर्ण तुटला तरी तुकडे टाकू नयेत, चष्मेवाल्याकडच्या यंत्रावर जुन्या भिंगावरूनही नंबर वाचता येतो.

ही शेवटची गोष्ट ऊसतोडीच्या घराला फार महत्त्वाची आहे. मुलगी आईबापांबरोबर फडावर गेली आणि चष्मा तिथं मोडला, तर तपासणी करणारा दवाखाना शेकडो किलोमीटर मागं राहिलेला असतो. नंबराच्या कागदाचा फोटो बापाच्या मोबाइलमध्ये असेल, त्यात दोन बुबुळांमधलं अंतरही लिहून घेतलेलं असेल, तर तालुक्याच्या कोणत्याही गावी काही दिवसांत नवा चष्मा होतो. फोटोही नसेल आणि तुकडेही टाकलेले असतील, तर हंगाम संपेपर्यंत बहुधा काही होत नाही. आणि इथं मुदतीचा प्रश्न येतो. आळशी डोळ्यावरच्या अभ्यासांतून असं दिसलं आहे की, नुसता चष्मा पूर्णवेळ घातला तरी साधारण अठरा आठवड्यांपर्यंत त्या डोळ्याची नजर सुधारत राहते, काहींची इतकी की पुढं पट्टीही लागत नाही. अठरा आठवडे म्हणजे चार महिन्यांहून थोडं जास्त. ऊसतोडीच्या एका हंगामात एवढे आठवडे सहज जातात. चष्मा दिवाळीला मिळाला आणि हंगामभर पेटीत राहिला, तर नेमका उपचाराचा काळ वाया गेला. सात वर्षांच्या आत हा उपचार जास्त लागू पडतो. पुढंही थोडाफार होतो, पण खात्री कमी होत जाते. म्हणूनच, ही मुलगी हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावातच आजीपाशी राहू शकत असेल, तर तिच्या बाबतीत तो पर्याय शाळेइतकाच डोळ्यासाठीही मोलाचा आहे.

विसरण्याबद्दल फार लिहायला नको. मूल चष्मा विसरतं ते तो काढतं म्हणून, तेव्हा तो कुठं कुठं काढला जातो ते पाहावं. खिचडीच्या वेळी तोंड धुताना, कबड्डीच्या आधी, दुपारी बाकावर डोकं टेकताना. या जागा दोन-तीनच निघतात. तिथं 'नाकावर नाही तर डबीत, तिसरी जागा नाही' हा नियम शिकवता येतो, आणि डबी दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात, भडक रंगाची असावी. परवडत असेल तर दुसरा साधा चष्मा करून तो गुरुजींच्या कपाटात ठेवावा. सकाळी शाळेत आलं की घालायचा, सुटताना ठेवायचा. योजनेतून एकच मिळतो, हे खरं. पण वर्षभर रोज ओरडण्यापेक्षा काही शे रुपये स्वस्त पडतात. शाळा सुटताना दारात उभ्या गुरुजींनी त्या एका चेहऱ्याकडं बघायचं ठरवलं तर तेही लागत नाहीत.

आता आक्षेप. चष्म्यानं नंबर वाढतो, डोळ्याला सवय लागते, ही समजूत सुशिक्षित घरांतही आहे. मलेशियात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लघुदृष्टीच्या काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला होता. दोन वर्षांत त्यांचा नंबर पूर्ण नंबर घातलेल्यांपेक्षा कमी वाढायला हवा होता, तो जास्त वाढला. त्यामुळे कमी नंबर देऊन डोळा वाचवण्याची कल्पना सोडून द्यावी. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : शिबिरांतून उणे अर्ध्याचेही चष्मे वाटले जातात, मग मुलांनी ते घातले नाहीत तर बिघडलं कुठं? काही बिघडलं नाही. पहिलीच्या मुलाला पाव-अर्ध्या नंबरानं रोजच्या जगण्यात फारसा फरक पडत नसेल, तर त्याच्या मागं लागणं म्हणजे घरातली शांतता आणि शिक्षकाची शक्ती चुकीच्या जागी घालवणं. माझा मुद्दा उलट त्यामुळे बळकट होतो. सगळ्या मुलांशी सारखाच आग्रह धरू नये. मोठ्या उणे नंबराचं मूल स्वतःच घालेल, अगदी छोट्या नंबराचं नाही घातलं तरी चालेल, आणि सगळा वेळ, दुसरा चष्मा, गुरुजींचं लक्ष हे त्या मुलासाठी राखून ठेवावं ज्याला फायदा दिसत नाही पण आहे. यासाठी तपासणाऱ्यानं चष्म्याबरोबर एक वाक्य लिहून द्यायला हवं : हा फळ्यापुरता आहे, की झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत. आजच्या कागदावर बहुधा फक्त आकडे असतात, आणि आकडे आजीला काही सांगत नाहीत.

तिसरा आक्षेप असा की, मुलाच्या मर्जीविरुद्ध रोज चष्मा चढवणं ही जबरदस्तीच. काही अंशी आहे. लशीची सुई मुलाच्या मर्जीनं कुठं देतो? पण सुई एकदा टोचली की काम होतं, आणि हा चष्मा रोज दहा-बारा तास मुलानं स्वतःच सांभाळायचा असतो, शाळेत, शेतात, आपल्या नजरेआड. तिथं जबरदस्ती चालतच नाही. म्हणून टोचणारी काडी सरळ करणं, चिडवणारं वाक्य घरातून काढणं आणि मोडल्याचं सांगायला मोकळीक ठेवणं हीच व्यवहारातली सक्ती आहे. हंगाम संपून कोयते परतले की त्या मुलीला पुन्हा तपासायला न्यावं. डावा डोळा झाकून ती तक्त्यावर पूर्वीपेक्षा दोन-तीन ओळी खाली गेली तर चष्मा तसाच चालू ठेवायचा. गेली नाही तर चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सुरू होईल, नंबर पुन्हा काढला जाईल, आणि तोवर चेहरा वाढलेला असेल, म्हणजे फ्रेमही बहुधा नवीच घ्यावी लागेल.